बॅनरवरचं शीर्षक वाचता येत नाही? फॉन्ट सोडा, आधी क्रॉप बघा

बॅनरवरचं शीर्षक नीट वाचता येत नसेल, तर बहुतेक जण काय करतात? फॉन्ट मोठा करतात. तरी नाही जमलं तर बोल्ड करतात, मग सावली देतात, मग अक्षरांना पिवळा रंग आणि लाल बॉर्डर. शेवटी बॅनर जत्रेतल्या पाळण्यासारखा होतो आणि शीर्षक तरीही वाचता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: शीर्षक वाचता येईल की नाही, हे फॉन्टच्या आधी ठरलेलं असतं. फोटो कुठे कापला जातो, कापताना कोणता भाग वाचवायचा आणि अक्षरांच्या मागे नेमकं काय येतं, हे तीन निर्णय आधी घ्या. याच क्रमाने घ्या. क्रम उलटा केला की प्रत्येक दुरुस्ती दुसरं काहीतरी बिघडवते.

हे हवेत बोलून उपयोग नाही, म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. आमच्या एका बॅचमध्ये करंजाच्या एक ताई होत्या. घरचा धंदा सुक्या मासळीचा: बोंबील, जवळा, बांगडा. उरण-पनवेलकडचं गिऱ्हाईक होतंच, आता नवी मुंबईतल्या सोसायट्यांमधून ऑर्डर घ्यायच्या म्हणून त्यांनी छोटी वेबसाइट केली. पहिल्या पानावरच्या बॅनरसाठी फोटोही झकास होता. डावीकडे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळतायत, उजवीकडे ताई स्वतः, हातात बोंबलांची टोपली, वर आकाश, खाली जमीन आणि जाळी. शीर्षक होतं, "करंजाची सुकी मासळी, थेट घरी". हे शीर्षक त्यांनी डिझाइनच्या ॲपमध्ये फोटोवरच टाइप केलं आणि एकच चित्र बनवून वेबसाइटवर चढवलं. लॅपटॉपवर ताईंचं कपाळ कापलं गेलं, मोबाइलवर "करंजाची" हा शब्दच गायब झाला.

आधी क्रॉप

मोबाइलने काढलेला आडवा फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो. ताईंच्या वेबसाइटवर लॅपटॉपसाठी बॅनरची चौकट होती 1440 बाय 480, म्हणजे लांबुळकी पट्टी. मोबाइलवर तीच चौकट होते 360 बाय 450, म्हणजे उभी. चौकट पूर्ण भरायची तर फोटो मोठा-छोटा करून जास्तीचा भाग कापावाच लागतो, आणि वेबसाइट तो गुपचूप कापते.

आता साधा हिशेब करू. लॅपटॉपवर फोटोची रुंदी 4000 वरून 1440 वर येते, म्हणून उंची 3000 वरून 1080 वर येते. चौकट मात्र 480 चीच आहे. म्हणजे 1080 पैकी 600 पिक्सेल उंची कापली गेली, निम्म्याहून जास्त. मोबाइलवर उलटं घडतं. उंची 450 बसवली की रुंदी 600 होते आणि दिसते फक्त 360. इथे बाजू कापल्या जातात, डावीकडून 20 टक्के आणि उजवीकडून 20 टक्के.

एक गोष्ट लक्षात घ्या. लॅपटॉप वर-खाली खातो, मोबाइल डावी-उजवी खातो. कापणी मधोमध धरून झाली, तर दोन्हीकडे हमखास दिसणारा भाग म्हणजे रुंदीचा 60 टक्के आणि उंचीचा 44 टक्के. त्यांचा गुणाकार करा, फोटोचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. तुम्ही फोटो निवडताना पूर्ण फोटो बघून खूश होता, गिऱ्हाइकाला मात्र त्यातला तुकडा दिसणार असतो. म्हणून फोटो निवडायच्या आधी आपल्या बॅनरच्या दोन्ही चौकटींची मापं काढा आणि त्या आकारात फोटो कापून बघा. फोनच्या गॅलरीतला क्रॉप पुरेसा आहे. पहिल्यांदा 3:1 मध्ये कापा, मग 4:5 मध्ये. दोन्हीत धंदा दिसला तरच तो फोटो बॅनरचा. नाहीतर तो फोटो छान आहे, पण इन्स्टाग्रामवर टाका.

इथेच माझा पहिला हट्ट येतो: वेबसाइटच्या बॅनरवर शीर्षक चित्रात टाइप करू नका. ताईंचं शीर्षक चित्रात रुंदीच्या 6 टक्क्यांपासून 50 टक्क्यांपर्यंत एका ओळीत होतं. मोबाइलने डावीकडचे 20 टक्के कापले, त्यात शीर्षकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. उरलं "सुकी मासळी, थेट घरी". कुठली मासळी? तर माहीत नाही. ज्या करंजाच्या नावावर माल विकायचा, तेच नाव गेलं. शिवाय चित्रातली अक्षरं चित्राबरोबर बारीक होतात. लॅपटॉपवर 40 पिक्सेलची दिसणारी अक्षरं मोबाइलवर साडेसोळा-सतरा पिक्सेलची झाली. हे शीर्षकाचं माप नाही, खालच्या बारीक मजकुराचं आहे. वेबसाइट बनवायच्या जवळजवळ प्रत्येक साधनात शीर्षकासाठी वेगळी जागा असते. तिथे टाइप केलेला मजकूर कापला जात नाही, तो जागा कमी पडली की पुढच्या ओळीवर जातो.

मग फोकल पॉइंट

फोटो मधोमधच कापला पाहिजे असं काही नाही. कोणता भाग वाचवायचा ते सांगता येतं. काही साधनांत फोटोवर एक ठिपका सरकवायचा असतो, त्याला फोकल पॉइंट म्हणतात. स्वतः कोड लिहीत असाल तर एवढंच:

```css
.banner img {
  width: 100%;
  height: 100%;
  object-fit: cover;
  object-position: 80% 30%;
}
```

पहिला आकडा डावीकडून, दुसरा वरून. पण याचा अर्थ बरेच जण चुकीचा घेतात. त्यांना वाटतं, ठिपका ठेवला ती गोष्ट चौकटीच्या मधोमध येईल. या पद्धतीत तसं होत नाही. फोटोतला 80 टक्क्यांवरचा बिंदू चौकटीच्याही 80 टक्क्यांवरच येतो. म्हणजे उजवीकडची गोष्ट उजवीकडेच राहते, फक्त कापली जात नाही. आपल्यासाठी हे चांगलंच आहे, कारण माणूस उजवीकडे राहिला की शीर्षकाला डावी बाजू मोकळी मिळते.

ताईंच्या फोटोत त्या रुंदीच्या 62 ते 88 टक्के एवढ्या भागात उभ्या होत्या. मधोमध कापल्यावर मोबाइलवर 80 टक्क्यांच्या पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांचा एक खांदा आणि टोपलीचा काठ गेला होता. 80 टक्के दिल्यावर मोबाइलवर फोटोचा 32 ते 92 टक्के भाग दिसू लागला आणि त्या पूर्ण आत आल्या, बाजूला थोडी हवाही राहिली. उंचीचंही तसंच. डोकं फोटोत वरून 22 टक्क्यांवर सुरू होत होतं. मधोमध कापताना वरचे 28 टक्के जात होते, म्हणून कपाळ गेलं. 30 टक्के दिल्यावर वरचे जेमतेम 17 टक्केच गेले. टोपली 58 टक्क्यांपर्यंत होती, कापणी 61 वर आली. डोकं वाचलं, टोपलीही वाचली.

आता गंमत बघा. शीर्षक अजून चित्रातच असतं तर? मोबाइलवर डावीकडचे 32 टक्के गेले असते आणि शीर्षकाचं निम्म्याहून जास्त गेलं असतं. माणूस वाचवायला जावं तर शब्द जातात, शब्द वाचवायला जावं तर माणूस जातो. दोघांना एकाच चित्रात बांधलं की ही ओढाताण सुटत नाही.

फोकल पॉइंट नेमका कशावर ठेवायचा, यावर ताईंचं आणि माझं थोडं वाजलं. त्यांना वलांडी हवी होती, कारण बोंबील उन्हात वाळवलेत हे तिथे दिसतं. माझं म्हणणं, टोपली आणि चेहरा. वलांडी लांबवर पसरलेली आहे, तिचा कुठलाही तुकडा दिसला तरी ती वलांडीच वाटते. टोपली एकच आहे, ती कापली की संपलं. म्हणून नियम असा धरा: जी गोष्ट कापल्यावर ओळखू येत नाही, फोकल पॉइंट तिच्यावर.

अक्षरांच्या मागे काय आहे?

शीर्षक डावीकडे, म्हणजे नेमकं वलांडीवर येणार होतं. बोंबील कसे वाळत घालतात ते करंजाच्या लोकांना सांगायला नको. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. दोरी आडवी, बोंबील उभे. आता आपली अक्षरं बघा. शिरोरेखा आडवी, काना उभा. अहो, तो फोटो म्हणजे आधीच देवनागरीत लिहिलेली पानभर ओळ आहे! तिच्यावर आणखी एक ओळ लिहिली तर कोण वाचणार?

म्हणून मराठी शीर्षकासाठी फक्त उजेड-अंधार बघून भागत नाही, मागची रेघही बघावी लागते. दोऱ्या, बांबू, दुकानातले रॅक, शटरच्या पट्ट्या, विटांची भिंत या सगळ्यांत आडव्या रेघा असतात आणि त्या शिरोरेखेत मिसळतात. इंग्रजी अक्षरांना माथ्यावर अशी सलग रेघ नसते, म्हणून इंग्रजी टेम्प्लेटमध्ये जे चाललं ते मराठीत चालेलच असं धरू नका. आणि आपल्याकडे अर्थ बारीक खुणांवर असतो. शिरोरेखेच्या वर अनुस्वार, मात्रा, वेलांटी, खाली उकार. अक्षराचं धड दिसतं आणि या खुणा आधी हरवतात. "सुकी"चा उकार दोरीत गेला की "सकी" राहतं. ओळी फार जवळ ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो, म्हणून मराठी शीर्षकात दोन ओळींतलं अंतर फॉन्टच्या मापाच्या साधारण 1.4 पट ठेवा. फार जाड फॉन्टही नको, त्यात अनुस्वार आणि वेलांटी चिकटून गोळा होतो.

शेवटी ओव्हरले

आता काळा पडदा, म्हणजे फोटो आणि अक्षरांच्या मध्ये टाकायचा पारदर्शक काळा थर. लोक अंदाजाने 20-30 टक्के टाकतात आणि "दिलाय की ओव्हरले" म्हणतात. इथे अंदाजाची गरज नाही, मोजमाप आहे. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं प्रमाण दिलंय. मोठ्या अक्षरांना, म्हणजे 24 पिक्सेल आणि त्याहून मोठ्यांना, किमान 3:1 आणि लहान मजकुराला किमान 4.5:1.

सगळ्यात वाईट स्थिती धरू: पांढरी अक्षरं, आणि मागे फोटोत पूर्ण पांढरा ठिपका. उन्हात चमकणारा बोंबील त्याच्या जवळपास जातो. 20 टक्के काळा पडदा टाकला तर प्रमाण येतं सुमारे 1.6:1. 30 टक्क्यांना 2.1:1. दोन्ही नापास. 42 टक्क्यांना 3:1 गाठतं, आणि 54 टक्क्यांना 4.5:1. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. पांढऱ्या मोठ्या शीर्षकाला 42, किंमत किंवा फोन नंबरसारख्या लहान ओळीला 54. यापेक्षा काळा फोटो असेल तर पडदा कमी चालेल, जास्त कधीच लागणार नाही. मोजताना फोटोचा सरासरी रंग धरू नका, अक्षरांच्या मागचा सगळ्यात उजळ ठिपका धरा. अक्षर तिथेच तुटतं.

पण लगेच पूर्ण फोटोवर 54 टक्के काळं ओतू नका. ताईंनी तसं करून बघितलं आणि त्याच म्हणाल्या, "सर, मासळी काळी दिसली तर घेणार कोण?" शंभर टक्के खरं. सुक्या मासळीचं गिऱ्हाईक रंग बघून माल ओळखतं. काळपट बोंबील म्हणजे जुना, ओल लागलेला. वाचता येणारं शीर्षक आणि न विकणारा माल, असा सौदा आपल्याला नको.

म्हणून पडदा फक्त अक्षरांच्या मागे, टोपलीपाशी शून्य:

```css
.banner::after {
  content: "";
  position: absolute;
  inset: 0;
  background: linear-gradient(to right,
    rgba(0,0,0,.55) 0%,
    rgba(0,0,0,.55) 48%,
    rgba(0,0,0,0) 62%);
}
```

यासाठी `.banner` ला `position: relative` हवं, आणि शीर्षक या थराच्या वर यायला हवं. त्यासाठी शीर्षकालाही `position: relative` आणि `z-index: 1` द्या. साधन वापरत असाल तर हेच काम ग्रेडियंटच्या पर्यायात होतं. आकडे नीट बघा. 48 टक्क्यांपर्यंत पडदा पूर्ण आहे आणि 62 ला, जिथे ताई सुरू होतात, तिथे संपतो. बरेच जण ग्रेडियंट डावीकडून सुरू करून लगेच विरळ करत नेतात. मग "करंजाची" ठळक दिसतं आणि "थेट घरी" धुक्यात जातं. शीर्षक संपेपर्यंत पडदा विरळ होऊ देऊ नका. लॅपटॉपच्या 1440 मध्ये 48 टक्के म्हणजे सुमारे 690 पिक्सेल. एवढ्यात दोन ओळींचं शीर्षक आरामात बसतं. आणि पडद्याने उजेड कमी होतो तसा दोऱ्यांचा कडकपणाही कमी होतो, म्हणून शिरोरेखा मोकळी होते. सावली द्यायचीच तर याच्यानंतर, मऊ आणि थोडी. पडद्याऐवजी सावली हे मला मान्य नाही. ती अक्षराच्या कडेला काळं करते, पण मागची दोरी तशीच राहते.

मोबाइलवर मात्र मी अक्षरं फोटोवर ठेवतच नाही. ताईंच्या बॅनरमध्ये 360 च्या चौकटीत त्या 180 पिक्सेलपासून सुरू होतात. उरलेल्या निम्म्यातून कडेची जागा सोडली की शीर्षकाला दीडशे पिक्सेल मिळतात. एका ओळीत जेमतेम एक-दोन शब्द, आणि किंमत टाकायला जागाच नाही. मग फोटो वर स्वच्छ ठेवा, पडदा काढा आणि शीर्षक खाली साध्या गडद पट्टीवर पांढऱ्यात लिहा. काही डिझाइनवाले याला मागासलेलं म्हणतील. म्हणू द्या. गिऱ्हाइकाला मासळीही दिसते आणि शब्दही.

जिथे मजकूर चित्रातच घालावा लागतो, तिथे काय? उदाहरणार्थ फेसबुक पेजचं कव्हर. ते कॉम्प्युटरवर आणि मोबाइलवर वेगवेगळ्या आकारात दिसतं. म्हणजे कॉम्प्युटरच्या मापाचं लांबुळकं चित्र मोबाइलवर डाव्या-उजव्या बाजूने कापलं जाऊ शकतं. तिथे शब्द मधल्या दोन तृतीयांश भागातच ठेवा आणि तीन-चार शब्दांवर थांबा.

पास की नापास?

बॅनर तयार झाल्यावर स्वतः वाचू नका. तुम्हाला शीर्षक पाठ आहे, तुमचा डोळा हरवलेल्या मात्रा मनानेच भरतो. आमच्या बॅचमध्ये आम्ही तीन गोष्टी करतो. बॅनरचा स्क्रीनशॉट काढून फोनच्या एडिटमध्ये तो ब्लॅक अँड व्हाइट करायचा. रंगामुळे वेगळी वाटणारी अक्षरं इथे पार्श्वभूमीत विरघळली, तर उजेडाचा फरक कमी आहे. मग फोन हातभर लांब धरून डोळे किलकिले करायचे. पहिली नजर शीर्षकावर किंवा टोपलीवर गेली पाहिजे, दोऱ्यांवर नाही. आणि शेवटी फोन अशा माणसाच्या हातात द्यायचा ज्याला शीर्षक माहीत नाही, तेही भर उन्हात. ताईंनी तो करंजा धक्क्यावर रेवसच्या लाँचची वाट बघणाऱ्या एका मावशींना दिला आणि "मोठ्याने वाचा" एवढंच सांगितलं. मावशी अडखळल्या नाहीत, तर बॅनर पास. अडखळल्या, तर कुठल्या अक्षरावर ते बघा आणि त्या अक्षराच्या मागे फोटोत काय आहे ते शोधा. बहुतेक वेळा तिथे एक दोरी किंवा एक चमकणारा बोंबील सापडेल.

तेव्हा फॉन्टची यादी उघडण्याआधी आज एवढंच करा. तुमच्या बॅनरचा फोटो 3:1 मध्ये आणि 4:5 मध्ये कापून दोन्ही शेजारी ठेवा. शीर्षकाची जागा कुठे आहे, आणि आहे का, हे ते दोन तुकडे तुम्हाला सांगतील.